खुरडणं वेगळं, अडखळणं वेगळं

गेल्या दिवाळीत बहिणीकडे डोंबिवलीला गेलो, तर फराळाचं ताट हातात यायच्या आधीच भाच्याने मला त्याच्या खोलीत ओढून नेलं. "मामा, आईला तूच सांग. नवीन ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय आता काही होणार नाही." अकरावीतला मुलगा. पीसी मोठ्या भावासाठी 2018 मध्ये घेतलेला, तो नोकरीला बंगलोरला गेला तेव्हा याच्या वाट्याला आला. आत इंटेलचा आय3-8100 प्रोसेसर, एच310 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबी रॅमची एकच पट्टी, 1 टीबीची हार्ड डिस्क आणि जीटीएक्स 1050 टीआय हे 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. त्या दोन-तीन वर्षांत बेताच्या पैशांत 'गेमिंग पीसी' म्हणून घरोघरी जे आलं, ते थोड्याफार फरकाने हेच.

मी विचारलं, "नक्की होतंय काय?" तो म्हणाला, "लॅग होतो."

गोम इथेच आहे. 'लॅग' या एका शब्दात मुलं तीन-चार वेगवेगळे आजार कोंबतात आणि औषध मात्र एकच सांगतात, नवीन कार्ड. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणण्यातला हा प्रकार. म्हणून मी त्याला आधी एवढंच सांगितलं की गेम खुरडतोय की अडखळतोय, ते बघ. खुरडणं म्हणजे सगळं सारखंच संथ: उभे राहा, पळा, गाडी चालवा, चित्र कायम जड. अडखळणं म्हणजे एरवी छान पळतंय, आणि मध्येच अर्धा सेकंद सगळं थिजतं, मग पुन्हा पळतं. पहिल्या तक्रारीत बहुधा कार्डाचा दोष असतो. दुसरीत कार्ड बऱ्याचदा निर्दोष निघतं.

हे का, ते स्वयंपाकघरातल्या सामानावरून पटकन कळतं. गेममधल्या भिंती, रस्ते, झाडं, माणसांचे कपडे यांची चित्रं ज्या क्षणी पडद्यावर लागतात, त्या क्षणी ती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत असावी लागतात. हा झाला ओटा. सगळं हाताशी, पण जागा थोडी. ओट्यावर मावत नाही ते फडताळात, म्हणजे रॅममध्ये. आणि फडताळातही मावत नाही ते माळ्यावर, म्हणजे डिस्कवर. ओट्यावरची वस्तू उचलायला वेळ लागत नाही, फडताळापर्यंत दोन पावलं जावं लागतं, पण माळ्यावरचं काढायचं तर आधी स्टूल शोधायचं.

हे स्टूल किती वेळ खातं, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. डेस्कटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी ते टोक योग्य जागी सरकायला आणखी 8-9 मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेला एक तुकडा उचलायला 12-13 मिलिसेकंद गेले. आता दुसरीकडे बघा: सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. माळ्यावरच्या एकाच डब्यासाठी जवळजवळ एक अख्खं चित्र हुकलं. असे चाळीस डबे लागले तर अर्धा सेकंद गेला. भाचा ज्याला लॅग म्हणत होता, तो हाच अर्धा सेकंद. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतं.

तिघं असे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकाची टंचाई दुसऱ्याच्या नावावर खपते. रॅम कमी पडली की विंडोज त्यातलं काही डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं, मग डिस्क 100 टक्के गुंतलेली दिसते आणि आपण म्हणतो डिस्क खराब. कार्डाची मेमरी कमी पडली की उतू गेलेलं रॅममध्ये येतं, आणि आपण म्हणतो रॅम पुरत नाही. म्हणून कुठल्याही एका आकड्यावरून निकाल द्यायचा नाही. अडखळण्याच्या त्या एका क्षणी सगळे आकडे शेजारी-शेजारी काय म्हणतात, ते बघायचं.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. MSI Afterburner नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे (नावात एका कंपनीचं नाव असलं तरी कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो), त्याच्यासोबत RivaTuner येतं. त्यात कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम, प्रोसेसर आणि फ्रेमटाइमचा आलेख एवढ्या पाच गोष्टींवर खूण केली की गेम चालू असताना त्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसत राहतात. डिस्कसाठी Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडायचा आणि त्यातलं Performance हे पान. शेजारी जुना मॉनिटर असेल तर त्यावर टाका, नाहीतर गेम खिडकीत चालवून बाजूला ठेवा.

आम्ही जीटीए 5 लावला, कारण तो त्याला पाठ आहे. पायी फिरताना सेकंदाला 58 ते 62 चित्रं, कार्डाचा वापर 95 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कार्ड आपलं काम चोख करत होतं. मग मी म्हटलं, "आता गाडी घे आणि शहराच्या मधोमध भरधाव सोड." तिसऱ्या चौकात चित्र थिजलं. त्या क्षणी कार्डाचा वापर 95 वरून 30 टक्क्यांवर कोसळला होता. रॅम 7.9 पैकी 7.5 जीबी भरलेली, डिस्क 100 टक्के. कार्डाची मेमरी 4 पैकी 3 जीबीच्या आतबाहेर.

"बघ," मी म्हटलं, "कार्ड दमलेलं नाही. ते रिकामं बसून वाट बघतंय. याच्या जागी दुप्पट ताकदीचं बसवलंस तर ते दुप्पट ताकदीने वाट बघेल."

मग दुसरी चाचणी. क्रोममध्ये त्याचे वीसेक टॅब उघडे होते, शिवाय डिस्कॉर्ड आणि दोन गेम-लाँचर. सगळं बंद करून तीच गाडी त्याच रस्त्याने नेली. थिजणं निम्म्याहून कमी झालं. क्रोम बंद केल्यावर रॅम मोकळी होते, हार्ड डिस्कचे फेरे काही वाढत नाहीत. तरीही सुधारणा झाली, याचा अर्थ मुख्य टंचाई रॅमची होती आणि डिस्क तिच्यापायी बदनाम होत होती. जे निम्मं उरलं, ते मात्र खरोखर डिस्कचं, कारण भरधाव गाडीपुढे नवा रस्ता डिस्कवरून तेवढ्या वेगाने येत नव्हता.

कार्डाच्या मेमरीवर संशय असेल तर त्याचीही सोपी परीक्षा आहे. गेमच्या सेटिंगमध्ये फक्त टेक्श्चर एक-दोन पायऱ्या खाली आणायचं, बाकी काही हलवायचं नाही. तेवढ्याने अडखळणं थांबलं तर ओटा लहान पडतोय. 1050 टीआयच्या मेमरीचा वेग सेकंदाला 112 जीबी आहे आणि कार्ड ज्या स्लॉटमधून रॅमशी बोलतं तो स्लॉट साधारण 16 जीबी नेतो, त्यामुळे ओट्यावरून एकदा फडताळाकडे वळलं की वेग सातपटीने पडतो. आमच्या बाबतीत टेक्श्चर उतरवून काही फरक पडला नाही.

आता भाच्याने हुकमाचा पत्ता काढला. "पण मला सायबरपंक खेळायचाय." मित्राकडून पेन ड्राइव्हवर नव्हे, सेलमध्ये रीतसर विकत घेतलेला, हे त्याने दोनदा सांगितलं. 1080 पीला, सगळं लो वर ठेवून, 27 ते 30 चित्रं. कार्ड 99 टक्के, आणि तिथून हलायलाच तयार नाही. मग रिझोल्यूशन 720 पीवर आणलं, बाकी सगळं तसंच. चित्रं पंचेचाळीसच्या वर गेली.

ही रिझोल्यूशनची चाचणी या सगळ्यातली सर्वांत उपयोगी, आणि गंमत म्हणजे सर्वांत कमी लोक ती करतात. रिझोल्यूशन कमी केलं की कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं तेवढंच राहतं. म्हणून उतरवल्यावर वेग वाढला तर अडवणूक कार्डाची होती. उतरवूनही वेग जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर अडवतोय, आणि मग पन्नास हजारांचं कार्ड आणलं तरी आकडा तिथेच चिकटलेला राहणार. इथे वाढला. म्हणजे सायबरपंकपुरतं भाच्याचं म्हणणं बरोबर होतं. एकाच पीसीत दोन गेमचे दोन आजार. 'आधी काय बदलू' याचं उत्तर 'काय खेळतोस' हे विचारल्याशिवाय देता येत नाही, ते यामुळे.

सायबरपंकमध्ये प्रोसेसरही 85-90 टक्क्यांना टेकला होता, हे मी त्याच्या नजरेला आणून दिलं. आय3-8100 मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड. कार्ड बदललं की वेग वाढेल, पण पन्नास-साठच्या घरात कुठेतरी प्रोसेसर हात वर करेल. त्याचा मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे, सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा, त्यामुळे तिथे थांबलं तरी फारसं बिघडत नाही. पण याचा अर्थ असा की या पीसीसाठी कार्ड मध्यम ताकदीचंच घ्यायचं. त्यापुढचे पैसे वाया.

आणि कार्ड कधी एकटं येत नाही. मागून वऱ्हाड येतं.

वऱ्हाडातला पहिला पाहुणा पॉवर सप्लाय. 1050 टीआयची गंमत ही की ते 75 वॅटच्या आत चालतं. एवढी वीज मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळते, म्हणून त्या कार्डांच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागतच नाही. त्यामुळे दुकानदाराने कॅबिनेटसोबत फुकट दिलेला पॉवर सप्लायही सात वर्षं खपून गेला. आम्ही झाकण उघडलं. सप्लायवर मोठ्या अक्षरांत '450'. खालच्या बारीक तक्त्यात मात्र 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर. 12 गुणिले 18 म्हणजे 216 वॅट, आणि प्रोसेसर नि कार्ड दोघंही जेवतात ते याच 12 व्होल्टवर. आरएक्स 6600 सारखं कार्ड एकटंच 132 वॅटचं. आय3-8100 चे 65. झाले 197, अजून पंखे, डिस्क, मदरबोर्ड बाकी. शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्या सप्लायला नव्हतीच. अशा वेळी दुकानात डिस्कच्या जुन्या चार पिनांवरून आठ पिना करून देणारं एक अडॅप्टर पुढे केलं जातं. ते घेऊ नका. मी एकाचं प्लास्टिक वितळून वायरीला चिकटलेलं पाहिलं आहे.

दुसरा पाहुणा घरचा यूपीएस. घरोघरी असतो तो 600 व्हीए, म्हणजे बहुधा 360 वॅट. जुना पीसी, मॉनिटर आणि राउटर त्यावर सुखाने चालतात. नव्या कार्डासह खेळ रंगात असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असली, तर तो चालवण्याऐवजी पटकन बंद पडेल. यासाठी नवा यूपीएस घ्याच असं मी म्हणणार नाही, पण तसं झालं तर कार्डाला शिव्या देऊ नका.

तिसरी गोष्ट पाहुणा नव्हे, सापळा आहे. आरएक्स 6500 एक्सटी हे कार्ड स्वस्तात दिसतं आणि 1050 टीआयवाल्याला मोह पडतो. त्याच्यावर मेमरी 4 च जीबी, आणि मदरबोर्डशी बोलायला चारच मार्गिका. नव्या, पीसीआयई 4.0 च्या बोर्डावर ते निभतं. आपल्या आठव्या पिढीच्या बोर्डावर पीसीआयई 3.0 आहे, तिथे त्या चार मार्गिकांचा वेग निम्मा होतो. मेमरी कमी म्हणून ओट्यावरून उतू जाणार, आणि उतू गेलेलं आणायला रस्ताही अरुंद. 6600 ला मार्गिका आठ आणि मेमरी 8 जीबी, म्हणून तिथे हा फटका फारसा जाणवत नाही. पॉवर सप्लाय बदलायचाच नसेल तर आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं रूप 70 वॅटमध्ये बसतं आणि वायर मागत नाही. वेग 6600 पेक्षा बराच कमी, पण 1050 टीआयपेक्षा जास्त. याच नावाचं 8 जीबीचं कार्ड वेगळं आहे, ते 130 वॅटचं, वायर मागणारं. बिलावर नुसतं '3050' लिहून घेऊ नका.

भाचा गप्प झाला. मग कागद घेऊन त्याने स्वतःच बेरीज मांडली: कार्ड अधिक पॉवर सप्लाय. आईकडून मिळालेला होकार त्या बेरजेच्या निम्म्याचाही नव्हता.

म्हणून क्रम ठरला तो असा: आधी रॅम, पाठोपाठ एसएसडी, कार्ड आणि पॉवर सप्लाय जोडीने पुढच्या वर्षी.

रॅममध्ये एक जादाचा फायदा दडलेला होता. पट्टी एकच असल्याने दोनपैकी एक स्लॉट रिकामा होता. पट्टी एकच असली की प्रोसेसर एकाच नळाने पाणी भरतो. दुसरी लावली की दोन नळ सुरू होतात: 2400 च्या रॅमला सेकंदाला 19.2 जीबीऐवजी 38.4. ज्यांच्याकडे वेगळं कार्डच नाही, रायझन 3 2200जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागतंय, त्यांना तर दुसरी पट्टी म्हणजे अर्धं ग्राफिक्स कार्डच, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःचा ओटा नसतो, ते फडताळातच रांधतं. अशांनी बाकी सगळं सोडून हे आधी करावं.

रॅम घेताना दिखाऊ, दिवेवाली, 3200 किंवा 3600 ची घ्यायची गरज नाही. एच310 बोर्डावर आय3-8100 ती 2400 वरच चालवणार. 3200 ची घेतली तरी बिघडत नाही, ती गुमान 2400 वर चालते, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पैशांची गोष्ट निघालीच आहे तर, 2025 च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीपायी रॅमचे भाव भडकले, आणि 'रॅम काय, स्वस्तात येते' हा आमच्या पिढीचा सल्ला तेव्हापासून खोटा पडला. शिवाय ही डीडीआर4. पुढचा पीसी डीडीआर5 चा असेल, त्याच्या स्लॉटमध्ये ही बसणारसुद्धा नाही. एसएसडी पुढच्या पीसीत जाते, कार्ड जातं, चांगला पॉवर सप्लाय जातो. डीडीआर4 रॅम इथेच देह ठेवते. म्हणून ती वापरलेली घेतली. एरवी जुना माल घ्यायला मी बिचकतो, पण रॅममध्ये झिजणारं काही नसतं, आणि एकतर ती चालते किंवा चालत नाही, हे एका रात्रीत कळतं.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने तळहाताएवढ्या काउंटरवर तीन पट्ट्या मांडल्या, भाच्याने मोबाइलवर घरच्या पट्टीचा फोटो दाखवला, आणि त्यातल्या त्यात जुळती, 8 जीबीची 2400 ची निवडली. 'चालली नाही तर सात दिवसांत परत' हे बिलावर लिहून घेतलं, तोंडी नाही.

घरी येऊन पीसीची वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. (हा उपाय कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही, पण आपल्याकडच्या प्रत्येक कारागिराच्या खिशात ते खोडरबर असतं.) नवी पट्टी खाचेशी जुळवून दोन्ही टोकं 'टक्' वाजेपर्यंत दाबली. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. भाच्याचा चेहराही. पट्टी काढून पुन्हा बसवली, मग चालू झाला. दहापैकी सात वेळा हे असंच असतं: रॅम खराब नसते, नीट बसलेली नसते. रात्री MemTest86 पेन ड्राइव्हवरून लावून ठेवलं. सकाळी त्यात एकही चूक नव्हती. एक जरी लाल ओळ दिसली असती तरी पट्टी परत गेली असती, 'एवढ्यातेवढ्याने काय होतंय' म्हणून ठेवायची नसते, कारण मग गेम कधीही, कशानेही बंद पडतो आणि कारण सापडत नाही.

जीटीए पुन्हा लावला, क्रोम मुद्दाम उघडं ठेवून. रॅमचा वापर 10.8 जीबी. म्हणजे आधी जवळजवळ 3 जीबी माळ्यावर राहत होते. थिजणं बहुतांशी गेलं होतं, भरधाव गाडीत अधूनमधून एखादा हिसका उरला.

तो एसएसडीने गेला. इथे आमची थोडी फसगत होता होता राहिली. मदरबोर्डावर एम.2 चा स्लॉट होता आणि भाच्याला वेगवान एनव्हीएमई एसएसडी हवी होती. मॅन्युअल काढलं तर तो स्लॉट जुन्या, निम्म्या वेगाच्या जोडणीचा निघाला. एच310 च्या काही बोर्डांवर तर तो फक्त साटा जातीचीच एसएसडी घेतो, आणि काहींवर मुळात नसतोच. दोन्ही जातींच्या पट्ट्या दिसायला बहिणी-बहिणी, म्हणून नुसता स्लॉट बघून खरेदी करू नये. आम्ही अडीच इंची साटा एसएसडी घेतली, 500 जीबीची. तिचा वेग सेकंदाला 550 एमबीच्या पुढे जात नाही, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला गेममध्ये या दोघींतला फरक दोन-चार सेकंदांचा वाटतो, आणि हार्ड डिस्क व एसएसडीमधला मिनिटांचा. जीटीए उघडायला आधी सव्वादोन मिनिटं लागायची, आता पाऊण. हार्ड डिस्क फेकली नाही. तिच्यावर बहिणीचे लग्नापासूनचे फोटो आहेत.

सायबरपंकसाठी एसएसडी एरवीही लागलीच असती. त्याच्या निर्मात्यांनी 2023 मध्ये किमान गरजांतून हार्ड डिस्क काढूनच टाकली. त्याच वर्षी आलेले स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट 3 हेही एसएसडी मागतात. कार्डाच्या बाबतीतही दारं अशीच बंद होत आहेत: 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाही, आणि 1050 टीआयसाठी नव्या गेमांची ड्रायव्हर-सुधारणा एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025 मध्ये थांबवली. सुरक्षेपुरत्या सुधारणा पुढे येत राहतील. तेव्हा कार्ड बदलायला लागणार, यात वाद नाही. वाद फक्त कधी, एवढाच.

या क्रमाला अपवाद आहेत, तेही सांगतो. हार्ड डिस्क कटकट वाजत असेल, किंवा CrystalDiskInfo मध्ये तिच्यापुढे Caution असं पिवळं दिसत असेल, तर बाकी चाचण्या सोडा, आजच एसएसडी आणा आणि फोटो हलवा. 16 जीबी रॅम आणि एसएसडी आधीच असेल, नि गेम खुरडतोय, तर सरळ कार्ड. आणि डीडीआर3 रॅमचा, चौथ्या पिढीचा किंवा त्याआधीचा इंटेल असेल, तर एक साधी एसएसडी घालून तो अभ्यासाला आणि जुन्या गेमांना ठेवा. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 तो पीसी अधिकृतपणे घेत नाही. त्यात कार्डाचे पैसे घालणं म्हणजे पाडायला काढलेल्या चाळीत नवी फरशी.

आणखी एक, जे मी खरं तर आधी सांगायला हवं होतं. हे सगळं करायच्या आधी मॉनिटरची वायर कार्डाला लावलेली आहे की मदरबोर्डाला, ते बघा. हसू नका. शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा दोन वर्षं मदरबोर्डाला लावून खेळत होता आणि नव्या कार्डासाठी पैसे साठवत होता.

भाच्याचं कार्ड अजून जुनंच आहे. सायबरपंक तो 720 पीवर खेळतो आणि मला दर रविवारी वापरलेल्या 6600 च्या जाहिराती पाठवतो. त्याला मी सांगितलंय तेच तुम्हालाही सांगतो: दुकानाची पायरी चढायच्या आधी कॅबिनेट उघडा, पॉवर सप्लायच्या लेबलाचा आणि मदरबोर्डावर छापलेल्या मॉडेल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. चांगला दुकानदार आधी तेच विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडून कार्ड घेऊ नका.